कामाचा शब्द : लेखांक ६
शनिवारी हजार प्रती होणार नाहीत, पण शनिवार साजरा होईल

मागच्या लेखांकात आपण अंदाजपत्रक कसं लिहावं ते पाहिलं. या आठवड्याचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ग्राहकाला काम ज्या तारखेला हवं आहे, त्या तारखेला ते होणं शक्यच नसेल, तर त्याला काय सांगायचं आणि कसं? छपाईच्या धंद्यातलं एक उदाहरण घेऊ, कारण तिथे दिवसांचा हिशेब अगदी स्पष्ट मांडता येतो.

सोमवार, १० तारीख. एका बाईंचा प्रेसमध्ये फोन येतो. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन शनिवारी, १५ तारखेला आहे. त्यांच्या आठवणींचं २८८ पानी पुस्तक त्याच कार्यक्रमात प्रकाशित करायचं आहे. डेमी आकार, पुठ्ठा बांधणी, हजार प्रती. मजकूर जुळवून तयार आहे. पत्रिका वाटून झाल्या आहेत, हॉल ठरला आहे. तारीख हलणार नाही.

अशा वेळी ‘बघतो, करू काहीतरी’ हे उत्तर तोंडात तयार असतं. पण ऐकणाऱ्याच्या लेखी तो होकार असतो. त्या भरवशावर बाई पाहुण्यांना पुस्तक मिळणार म्हणून सांगून मोकळ्या होतील. म्हणून त्यांना ‘तासाभरात फोन करतो’ एवढंच सांगावं आणि कागद घेऊन हिशेब मांडावा.

२८८ पानं म्हणजे १६ पानी १८ फर्मे. हजार प्रतींसाठी १८,००० फर्मे छापायचे, घडी घालायचे आणि शिवायचे. ११ तारखेला संध्याकाळपर्यंत प्रूफ मंजूर झालं, तर १२ आणि १३ला छपाई होते. १४ तारीख शाई वाळण्यात जाते. १५ला घडी, १६ला रविवार, १७ आणि १८ला शिलाई, १९ला पाठीला सरस लावून तीन बाजूंची कटाई, २०ला पुठ्ठा चढवणं, २१ला दाबाखाली ठेवणं, २२ला तपासणी आणि पॅकिंग. मुखपृष्ठाची छपाई आणि लॅमिनेशन याच काळात बाजूने चालतं. म्हणजे पुस्तक शनिवारीच तयार होतं, पण पुढच्या शनिवारी.

आता या हिशेबातले दिवस दोन प्रकारांत वेगळे करायचे. छपाई, घडी, शिलाई यांत माणसांचा आणि यंत्रांचा वेळ आहे. जादा पाळी लावली, रविवारी काम केलं, तर तो कमी होतो. पण शाई वाळण्याचा आणि सरस सुकण्याचा वेळ जादा मजुरीने कमी होत नाही. ओल्या शाईचा कागद घडीच्या यंत्रात घातला, तर एका पानावरची अक्षरं समोरच्या पानावर उमटतात. मुखपृष्ठाची शाई पुरती वाळण्याआधी लॅमिनेशन केलं, तर काही दिवसांनी कडेला आणि पाठीच्या घडीवर फुगे येतात. पुठ्ठ्याला अस्तराचा कागद चिकटवताना सरसातलं पाणी पुठ्ठ्यात उतरतं. पुस्तक निदान एक रात्र वजनाखाली राहिलं नाही, तर पुठ्ठा वाकतो आणि टेबलावर ठेवलेलं पुस्तक मिटून राहत नाही. पावसाळ्यात हे सगळे तास आणखी वाढतात.

रात्रंदिवस काम केलं, तर आपल्या उदाहरणात तीन दिवस वाचतात आणि पुस्तक २२ऐवजी १९ तारखेला मिळतं. कार्यक्रम तरीही चार दिवसांपूर्वी झालेला असतो. ‘दुप्पट पैसे देते’ असं बाई म्हणाल्या, तर त्यांना हेच सांगायचं: पैशांनी तीन दिवस मिळतात, पाहिजेत सात.

नकार असा पक्का झाला की पर्याय सुचवण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ‘शनिवारी नक्की कोणाकोणाच्या हातात पुस्तक हवं आहे?’ बहुतेक वेळा या प्रश्नाने कामाचं स्वरूपच बदलतं. व्यासपीठावरचे पाहुणे, वडील, घरचे आणि काही जवळचे स्नेही मिळून ४० प्रती पुरतात. उरलेल्या ९६० प्रती त्या संध्याकाळी कोणी वाचणार नसतं.

४० प्रती डिजिटल यंत्रावर शनिवारच्या आत होतात. त्यात प्लेट लागत नाही आणि शाई वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. एवढ्या प्रतींना हाताने पुठ्ठा चढवता येतो आणि गुरुवारची रात्र त्या दाबाखाली राहू शकतात. मात्र त्यांना शिलाई नसेल, पानं पाठीला चिकटवलेली असतील, आणि एका प्रतीचा खर्च बराच जास्त येईल. या दोन्ही गोष्टी आधीच सांगायच्या.

दुसरा पर्याय सगळ्या हजार प्रती साध्या बांधणीत करण्याचा. शिलाई आणि पुठ्ठा वगळले, तरी छपाई, वाळणं, घडी आणि चिकटवणं शनिवार सकाळच्या आत बसत नाही. म्हणून हा पर्याय सुचवायचाच नाही. एक नकार देऊन दुसरं न जमणारं आश्वासन दिलं, तर ग्राहकाचा हातचा वेळही जातो.

फोनवर हे बोलून झालं की त्याच दिवशी लेखी निरोप पाठवायचा. तो साधारण असा असावा:

‘नमस्कार ताई. आपल्या पुस्तकाच्या हजार प्रती पुठ्ठा बांधणीत शनिवार, १५ तारखेपर्यंत होणार नाहीत. शाई आणि सरस सुकायला लागणारा वेळ कमी करता येत नाही; घाई केली तर पुठ्ठे वाकतील आणि पानांवर डाग येतील. त्याऐवजी असं करता येईल: १. शुक्रवारी, १४ तारखेला संध्याकाळी ४० प्रती, डिजिटल छपाई, पुठ्ठा बांधणी, शिलाईशिवाय, प्रत्येकी ४५० रुपये. २. उरलेल्या ९६० प्रती ठरलेल्या शिलाईच्या बांधणीत, ठरलेल्या दराने, सोमवार, २४ तारखेला. यासाठी अंतिम फाइल आज रात्री आणि प्रूफची मंजुरी उद्या संध्याकाळी ६पर्यंत हवी. मंजुरीला एक दिवस उशीर झाला, तर शुक्रवारच्या प्रती देता येणार नाहीत. आपला निर्णय आज ८ वाजेपर्यंत कळवावा.’

या निरोपात नकार पहिल्याच ओळीत आहे आणि कारण खरं आहे. यंत्र बिघडलं असं खोटं कारण दिलं, तर ‘दुरुस्त झालं की कळवा’ असं उत्तर येतं आणि नकार हवेतच राहतो. हिशेबात २२ तारीख आली, तरी निरोपात २४ लिहिली आहे. एकदा नाही म्हटल्यावर दिलेली नवी तारीख चुकून चालत नाही, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवले आहेत. ग्राहकाच्या बाजूची मुदतही लिहून दिली आहे, कारण शुक्रवार दोघांनी मिळून गाठायचा आहे.

‘दुसरा प्रेस शनिवारी हजार प्रती देतो म्हणतो,’ असं उत्तर आलं, तर त्या प्रेसला नावं ठेवू नयेत. बाईंनी तिथे काय विचारावं ते सांगावं: फर्मे शिवणार की चिकटवणार? छपाईनंतर कागद किती तास ठेवणार? पुठ्ठा चढवल्यावर पुस्तक किती वेळ दाबाखाली राहणार? मोठा कारखाना असेल, यंत्रं मोकळी असतील, तर त्यांची उत्तरं समाधानकारक असूही शकतील. तसं असेल, तर काम तिकडे जाणंच बाईंच्या हिताचं आहे, आणि तेही त्यांना मोकळेपणाने सांगावं.

पुढील लेखांकात : तारीख ठरली, पण ग्राहकाची फाइलच उशिरा आली तर?