घरची वीज (७) : तिन्ही तारा काळ्याच!

जुन्या वाड्यात केसिंग-कॅपिंगमधलं सॉकेट उघडलं की बऱ्याचदा तिन्ही तारा सारख्याच काळपट दिसतात. मूळचा लाल, काळा, हिरवा रंग उडालेला असतो. मधल्या दुरुस्तीत तर हाताला येईल ती तार जोडलेली असते, त्यामुळे रंग शाबूत असला तरी मी त्यावर भरवसा ठेवत नाही.

मेन बंद करून तिन्ही टोकं एकमेकांपासून लांब करायची, त्यांना क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावायच्या आणि मगच मेन चालू करायचं. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासून घ्यायचा. समजा तो फक्त 'क'वर पेटला, तर फेज सापडला. पण न्यूट्रल आणि अर्थ, दोन्हींवर तो विझलेलाच राहतो. त्यांच्यातला फरक सांगणं टेस्टरच्या आवाक्यात नाही.

आता मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा आणि घरात इस्त्रीसारखं जड काहीतरी चालू ठेवायचं. क-ख २२८, क-ग २३१ आणि ख-ग ३ व्होल्ट आले असं धरू. इस्त्रीचा प्रवाह न्यूट्रलमधूनच परततो, म्हणून त्या तारेवर दोन-तीन व्होल्ट उतरतात. अर्थमधून एरवी प्रवाह जात नसल्यामुळे तिथे ही घट दिसत नाही. म्हणजे 'ख' न्यूट्रल असावी. 'असावी' एवढंच, कारण इस्त्री बंद केली की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, आणि अर्थिंग खराब असेल तर आकडे फसवतात.

खात्री वीज तोडूनच होते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करायचा, प्लग काढायचे आणि या लाइनीची न्यूट्रल तार बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीवरून सुटी करायची. ही सुटी केली नाही तर अर्थपट्टीपर्यंतचा रस्ता तिच्यातूनही सापडू शकतो आणि पुढे मीटरच्या बीपवर दोन्ही तारा वाजतात. टेस्टर पुन्हा लावून वीज नाही याची खातरजमा करून घ्यायची. मग बोर्डातल्या अर्थपट्टीपासून एक लांब वायर सॉकेटपर्यंत आणून मीटरच्या बीपवर 'ख' आणि 'ग' तपासायच्या. 'ग' वाजली आणि 'ख' गप्प राहिली की 'ग' अर्थ. तिथल्या तिथे रंगीत टेप गुंडाळावी.

न्यूट्रल सुटी करूनही दोन्ही वाजल्या, तर घरात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले आहेत. अशा वेळी परवानाधारक वायरमनलाच बोलवावं. एकही वाजली नाही, तर अर्थची तार तुटलेली आहे किंवा इथवर आणलेलीच नाही. मग काही जण सॉकेटच्या अर्थच्या पिनला न्यूट्रलचाच तुकडा जोडून मोकळे होतात. पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली, की चालू फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.