अंगणातल्या गाडीवर घरचा कूलर

मे महिन्यात लाईट गेली की नागपूरकर अंधारापेक्षा कूलर बंद पडण्याला जास्त घाबरतो. वळवाच्या वाऱ्याने एखादी फांदी तारेवर पडली की लाईनमन येईपर्यंत रात्र सरते. घरचा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे सांभाळतो. पण त्याखालची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिटची. प्रत्यक्षात तिच्यातून एखाद-सव्वा युनिट निघालं तरी पुष्कळ. तिथेच अंगणात ४०.५ युनिटच्या बॅटरीची नेक्सॉन ईव्ही उभी असते.

ती वीज बाहेर काढायची सोय काही गाड्यांत असते, तिला व्ही-टू-एल म्हणतात. नेक्सॉन ईव्हीच्या सप्टेंबर २०२३च्या नव्या रूपात काही प्रकारांत ती आली. ह्युंदाईच्या आयोनिक ५मध्येही आहे. चार्जिंगच्या तोंडात एक खास गन बसवायची, तिच्या दुसऱ्या टोकाला साधं सॉकेट असतं. गनमधल्या एका रोधावरून गाडी ओळखते, की आता वीज घ्यायची नाही, द्यायची आहे. मग एरवी एसीचं डीसी करणारा गाडीतला चार्जर उलटा चालून २३० व्होल्ट एसी देतो. म्हणजे वेगळा मोठा इन्व्हर्टर विकत घ्यावा लागत नाही. मर्यादा साधारण ३.३ किलोवॅटची, १४-१५ अँपिअरची.

खरी गोम सॉकेटपासून घरापर्यंतच्या अंतरात आहे. दोन्हीकडे पिनांचा प्लग लावलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये खुपसण्याचा उद्योग काही इलेक्ट्रिशियनही सुचवतात. तो जीवघेणा आहे. प्लगच्या उघड्या पिनांत वीज असते, आणि मेन स्विच पाडायचा राहिला तर गाडीची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. बहुतेक वेळा अख्ख्या गल्लीचा भार अंगावर येऊन गाडी लगेच पुरवठा तोडेल. पण तुमचीच सर्व्हिस वायर खांबाजवळ तुटली असेल तर भार काहीच नाही. ती वायर जिवंत राहते आणि लाईनमन तिला मेलेली समजून हात लावतो. शिवाय महावितरणची लाईट अचानक परतली तर दोन पुरवठे भिडतात आणि गाडीचा महागडा चार्जर जळू शकतो.

म्हणून मीटरनंतर, घराच्या मुख्य बोर्डाआधी, दोन पोलचा चेंजओव्हर स्विच हवा. एका बाजूला महावितरण, मधे बंद, दुसरीकडे गाडी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. नुसता फेज बदलणारा स्वस्त स्विच इथे कामाचा नाही. गाडीच्या बाजूला १६ अँपिअरचा एमसीबी घालावा. घरचा इन्व्हर्टर आहे तसाच राहू द्यावा: गाडीची वीज आली की तो तिला मेन समजतो आणि आपली बॅटरीही भरून घेतो.

एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांच्या व्ही-टू-एलमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो. टेस्टर लावला तर दोन्ही तारांवर मंद उजळतो, मल्टिमीटरवर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. अशा वेळी आरसीसीबी पहिल्या गळतीला पडत नाही. त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो आणि घरमालक निश्चिंत होतो, कारण ते बटण अर्थिंग तपासतच नाही. हे सोडवायला न्यूट्रल आणि अर्थ आपल्या मनाने जोडू नयेत. काही गाड्या ती जोडणीच बिघाड समजून पुरवठा तोडतात. आधी कंपनीची पुस्तिका पाहावी.

आता हिशेब. रात्री १० ते पहाटे ४. कूलर २०० वॅट, दोन पंखे १५०, फ्रिज सरासरी ६०, दिवे-राउटर ४०. साडेचारशे वॅटने सहा तासांत २.७ युनिट, आणि गाडीची यंत्रणा जागी राहण्याचा खर्च धरून साडेतीन. म्हणजे बॅटरीचे नऊएक टक्के, किंवा पंचवीसएक किलोमीटरची धाव. गाडी ६० टक्के भरलेली असेल आणि ३०च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर अशा तीन रात्री निघतात. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी जोडला तर एका रात्रीला आणखी सहाएक युनिट लागतील.

बोअरच्या मोटरची गोष्ट वेगळी. एक एचपी म्हणजे जेमतेम पाऊण किलोवॅट, पण सुरू होताना ती पाच-सहापट करंट ओढते. गाडी पुरवठा तोडते, घर अंधारात जातं आणि अनेकदा गन काढून पुन्हा लावावी लागते. मोटरचा एमसीबी आधीच पाडून ठेवावा, गिझरचाही.

गच्चीवर सोलर असेल तर जास्त जपावं. लाईट गेल्यावर नेट मीटरचा साधा सोलर इन्व्हर्टर आपोआप थांबतो; पण गाडीचे २३० व्होल्ट दिसले की तो त्यालाच महावितरण समजून दिवसा उरलेली वीज गाडीत ढकलू पाहील. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूलाच असली पाहिजे, आणि ते काम महावितरणची परवानगी व परवानाधारक ठेकेदाराशिवाय होत नाही.