इंजिन बंद असतानाचा आकडा आणि चालू असतानाचा आकडा

हल्ली सिगारेट लायटरच्या खाचेत खोचायचा छोटा व्होल्टमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि बरेच जण तो गाडीत लावतात. इंजिन चालू असताना त्यावर १४.२ दिसलं की बॅटरी ठणठणीत आहे असं मानलं जातं. तो समज चुकीचा आहे. इंजिन चालू असताना दिसणारा आकडा बॅटरीचा नसतोच, तो अल्टरनेटरचा असतो. बॅटरीला जे सांगायचं आहे ते ती इंजिन बंद असताना सांगते. म्हणून दोन्ही आकडे घ्यायचे आणि दोन्ही वेगवेगळे वाचायचे.

आधी बंद इंजिनाचा आकडा. गाडीच्या नेहमीच्या लेड-अॅसिड बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. त्यामुळे भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६ ते १२.७ येतं. १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ उतरलेली. इथे लोक फसतात. १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवते आहे म्हणजे बरोबरच आहे, असं वाटतं. पण अर्धा भरलेला आणि पूर्ण भरलेला यांत फरक जेमतेम ०.४ व्होल्टचा असतो, म्हणून दशांशानंतरचा आकडा महत्त्वाचा.

हा आकडा कधी घ्यायचा, तेही पाहायला हवं. गाडी बंद केल्या केल्या मीटर १२.९ किंवा १३ सुद्धा दाखवेल. तो प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज असतो, काही तासांत ओसरतो. सकाळी गाडीला हात लावण्यापूर्वी, शक्यतो मल्टिमीटरने थेट बॅटरीच्या टर्मिनलवर घेतलेला आकडा खरा. लायटरच्या खाचेतला मीटर बहुतेक गाड्यांत चावी फिरवल्याशिवाय जागाच होत नाही, आणि मधल्या तारांमुळे तो दोन-तीन दशांश कमीही दाखवू शकतो.

आणि तरीही १२.६ वर आंधळा विश्वास ठेवू नये. म्हाताऱ्या बॅटरीचं आराम करतानाचं व्होल्टेज चांगलं दिसू शकतं, पण स्टार्टरने शंभर-दीडशे अँपिअर मागितले की ती बसते. सेल्फ मारताना टर्मिनलवरचं व्होल्टेज किती खाली जातं ते पाहावं. साधारण १० च्या आसपास राहिलं तर ठीक. भरलेली बॅटरी असूनही ते ९.५ च्या खूप खाली घसरत असेल तर बॅटरी संपत आली आहे.

इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर कामाला लागतो. त्यातला रेग्युलेटर व्होल्टेज १३.८ ते १४.५ च्या दरम्यान धरून ठेवतो. बॅटरीच्या स्वतःच्या व्होल्टेजपेक्षा जास्त दाब असल्याशिवाय तिच्यात करंट शिरणारच नाही, म्हणून हा आकडा तिच्या वर हवा. तो १५ च्या वर राहत असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीत बॅटरीतलं पाणी उकळल्यासारखं उडतं, सारखं डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि टर्मिनलभोवती पांढरी-हिरवी पूड साचते. उलट इंजिन चालू असूनही आकडा १२.५ वरच अडकला असेल आणि रेस केल्यावरही चढत नसेल, तर चार्जिंग होतच नाही. बेल्ट सैल, कार्बन ब्रश झिजलेले, रेग्युलेटर गेलेला, किंवा मधली जोडणी खराब. यातलं नेमकं काय, हे मात्र हा एकटा आकडा सांगत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका जुन्या डिझेल गाडीचं उदाहरण यासाठी सांगण्यासारखं आहे. सेल्फ मंद फिरायचा, मीटरवर चार्जिंग कमी दिसायचं, आणि गॅरेजमध्ये सल्ला मिळाला होता की बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बदला. आम्ही मल्टिमीटर घेऊन बसलो. सकाळी टर्मिनलवर १२.२, म्हणजे बॅटरी अर्धी. सेल्फ मारताना आकडा १०.७ च्या खाली गेला नाही, तरी स्टार्टर रडतच फिरत होता. हा पहिला धागा. बॅटरीच दुबळी असती तर व्होल्टेज कोसळलं असतं. ते टिकून आहे, पण स्टार्टरपर्यंत जोर पोहोचत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

मग इंजिन सुरू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावले, इंजिन दीड हजार फेऱ्यांवर धरलं. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.९. हा आकडा पाहूनच अल्टरनेटरवर ठपका आला असणार. पण मीटरची लाल टोकणी अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळी त्याच्याच बॉडीवर ठेवली, तेव्हा १४.२ आले. अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता. १.३ व्होल्ट मध्येच हरवत होते.

ते शोधायची रीत सोपी आहे. इंजिन आणि दिवे चालूच ठेवून मीटर वायरच्या दोन टोकांना लावायचा. वायर आणि जोडणी चांगली असेल तर दोन टोकांत जवळजवळ फरक नसतो, ०.२ पर्यंत चालतो. बेल्ट आणि पंख्यापासून हात दूर ठेवायचे, आणि अल्टरनेटरच्या त्या बोल्टला बॉडीशी टेकेल असं काहीही लावायचं नाही. अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.२ आलं. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.१. दोन्ही मिळून बरोबर १.३. दोष अर्थिंगच्या पट्टीत होता. इंजिनाला बोल्टने जखडलेलं तिचं टोक गंजाने आणि ऑइलमिश्रित चिखलाने माखलेलं होतं, आणि परतीचा सगळा करंट त्याच टोकातून जात होता. स्टार्टरचाही तोच रस्ता, म्हणून सेल्फ मंद.

पट्टी काढून इंजिनावरची जागा पॉलिशपेपरने चकचकीत घासली, नवी पट्टी लावली, वरून थोडं ग्रीस. त्याच भाराखाली बॅटरीवर आता १४ च्या वर आकडा आला. बॅटरी मात्र लगेच भरली नाही. अर्धी उतरलेली बॅटरी शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत भरत नाही, म्हणून ती एक रात्र बाहेरच्या चार्जरवर ठेवली. तिला आराम देऊन मोजलं तेव्हा १२.६ मिळाले. बॅटरी नवी घेतली नाही, अल्टरनेटरही नाही.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हे आकडे मात्र जरा सांभाळून वाचावे लागतात. त्यांत अल्टरनेटरवर इंजिनाच्या संगणकाचं नियंत्रण असतं. इंधन वाचवण्यासाठी तो बॅटरी पुरेशी भरली की चार्जिंग कमी करतो, मग धावत्या गाडीतही १२.५ दिसू शकतं. उतारावर किंवा ब्रेक मारताना तोच आकडा १४.५ च्या पुढे उडी घेतो. अशा गाडीत एका क्षणाचा आकडा पाहून अल्टरनेटर गेला असं म्हणू नये. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवत मीटर पाहावा. आकडा अधूनमधून वर जात असेल तर यंत्रणा ठीक आहे. सगळे दिवे लावूनही तो सतत १२.५ किंवा त्याखालीच घुटमळत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंद गाडीचा आकडाही १२.३ च्या खाली आला, तर अल्टरनेटर आणि त्याच्या जोडण्या तपासायला घ्याव्यात.