खडेबाजारातली जमा चिठ्ठी आणि मोबाईलमधली शिल्लक
लेखांक ६

बेळगावच्या खडेबाजारात साडी परत करायला गेलं की गल्ल्यावरचा माणूस गोड बोलूनच सांगतो, ‘पैसे न्हाईत परत, अक्का. जमा लिहून देतो.’ मग बिलाच्या पाठीवर रक्कम, तारीख, सही. शेजारच्या दुकानात त्या कागदाला कोणी विचारत नाही. मोबाईलवरच्या दुकानाचं ‘स्टोअर क्रेडिट’ म्हणजे हीच चिठ्ठी. ज्यानं दिली त्याच्याकडंच चालणारी असल्यामुळं ती रोख करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचे वॉलेटचे नियम तिला लागत नाहीत आणि मुदत दुकान ठरवेल ती.

गल्लत होते ती ऑर्डर रद्द करताना. समजा, निपाणीतून २,४०० रुपयांचा मिक्सर मागवला: ४०० गिफ्ट कार्डातून, ५०० वॉलेटमधून, उरलेले १,५०० यूपीआयनं. रद्द केल्यावर स्क्रीन विचारते, पैसे इथंच लगेच जमा करू की मूळ खात्यात काही दिवसांनी? घाईत ‘लगेच’वर बोट पडतं आणि बँकेतले १,५०० रुपयेही दुकानाच्या चिठ्ठीत जाऊन बसतात. ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्येच सांगितलंय, की परतावा मूळ मार्गानंच द्यायचा. ग्राहकानं दुसरा मार्ग मान्य केला तरच अपवाद. आपलं ते बोट म्हणजेच ही मान्यता! ‘मूळ खाते’ निवडलं असतं, तर १,५०० बँकेत, ५०० वॉलेटात आणि ४०० गिफ्ट शिल्लकीत गेले असते.

आता ते ५०० बाहेर काढता येतील का? अनेक दुकानांत चालणारं वॉलेट असेल आणि केवायसी पूर्ण असेल, तर बँक खात्यात पाठवता येतात. जुजबी माहितीवर उघडलेल्या वॉलेटमधून तसे पाठवता येत नाहीत. मात्र ते वॉलेट बंद करायला सांगितलं, तर ज्या खात्यातून पैसे भरले होते तिथं ते परत जातात. ही वाट फार थोड्यांना ठाऊक असते.

मुदतीचा धाक मात्र उगीच मोठा आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशा वॉलेटला शेवटचे पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष मिळतं आणि संपण्याआधीच्या ४५ दिवसांत सूचना यावी लागते. मुदत टळल्यावरही शिल्लक मागितली, तर कंपनीनं ती बँक खात्यात द्यायची असते. गिफ्ट कार्डाचे रोख पैसे होत नाहीत, पण मागणी केल्यावर त्याची मुदत वाढवून मिळते. अट एकच: ते कार्ड रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीनं किंवा बँकेनं काढलेलं हवं. ते नाव कार्डामागं बारीक अक्षरांत असतं. तिथं फक्त दुकानाचंच नाव दिसलं, तर ती पुन्हा खडेबाजारातली चिठ्ठीच. तिची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं नव्हे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात.