राजीनाम्याआधीची वीस मिनिटं

उमरग्यात एका पतसंस्थेत मी अकरा वर्षं कारकून आहे. गेल्या वर्षी मनानं घेतलं, नोकरी सोडून कडक भाकरीचा धंदा करायचा. ज्वारी घरची, हातही बरा! राजीनामा लिहायला बसले, तर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, करणाऱ्या बायकांना आधी विचार तरी."

गावातल्या गावात उद्याच्या स्पर्धकाला कोण खरं सांगणार? म्हणून सोलापूर गाठलं. फोनवरच सांगितलं, "ताई, काम मागायला येत नाहीये, वीस मिनिटं माहिती हवीय." 'किती सुटतात?' हे मुद्दाम विचारलं नाही. त्यावर माणूस फुगवून तरी सांगतं, नाहीतर गप्प बसतं. विचारलं ते असं : काल पहाटेपासून काय काय केलंत? शंभरातल्या किती भाकऱ्या मोडतात? दुकानदार पैसे कधी देतो? कोणता महिना वाईट? आणि निघताना, "आणखी कुणाला भेटू?"

त्यांनी धाडलं ते धंदा बंद केलेल्या एका मावशींकडे. मैत्रिणींनो, खरं कळलं ते तिथं. पावसाळ्यात भाकरी सादळते, दुकानदार ती परत करतो, उरलेल्याचे पैसे महिन्यानं देतो. तोवर पीठ, सरपण, मदतीच्या बाईची मजुरी, सगळं आपल्या पदरचं. "हाताशी दोन महिन्यांचा खर्च नव्हता गं," मावशी म्हणाल्या.

नोकरी अजून सोडलेली नाही. दर रविवारी पन्नास भाकऱ्या करून एका दुकानात ठेवते. आषाढात किती परत येतात, ते वहीत लिहिणार आहे.