चार लेख, एकच शीर्षक

शेतीविषयक माहिती देणारं एक मराठी संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. उदाहरण कल्पित आहे, पण असं दुखणं असलेली संकेतस्थळं भरपूर आहेत. चार-पाच वर्षांत तिथं कांदा चाळीवर चार लेख आले. शीर्षकं अशी: ‘कांदा चाळ : संपूर्ण माहिती’, ‘कांदा चाळ माहिती’, ‘कांदा चाळ कशी असावी? संपूर्ण माहिती’ आणि ‘कांदा साठवणूक व कांदा चाळ माहिती’. लिहिणारे वेगवेगळे होते आणि आधीचं काय आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. ‘कांदा चाळ’ हा शब्द लोक गूगलवर शोधतात, तेव्हा तो शीर्षकात हवा, एवढंच प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता चांदवडचा किंवा निफाडचा एखादा शेतकरी ‘कांदा चाळ अनुदान’ असं शोधतो. अनुदानाची माहिती दुसऱ्या लेखात आहे, पण गूगल त्याच्यापुढे पहिला लेख ठेवतो, ज्यात चाळीची लांबी-रुंदी आणि पत्र्याचा उतार आहे. शेतकरी दोन ओळी वाचून मागे फिरतो. पुढच्या आठवड्यात त्याच शोधाला तिसरा लेख वर येतो, मग पुन्हा पहिला. एकाच घरचे चार लेख एकमेकांच्या वाटणीचं खातात. याला या क्षेत्रातले लोक ‘कीवर्ड कॅनिबलायझेशन’ म्हणतात.

यासाठी गूगल दंड करतो, असा समज पसरलेला आहे. तसा दंड नसतो. एका शोधाला एकाच संकेतस्थळाची पानं वरच्या निकालांत सहसा दोनाहून जास्त दिसू नयेत, असा बदल गूगलने 2019 साली केला. त्यामुळे चारांतून कुठलं दाखवायचं याची निवड त्याला करावीच लागते. शीर्षकं सारखी, मजकुराची सुरुवात सारखी, आणि इतर पानांवरून येणाऱ्या दुव्यांवरही ‘कांदा चाळ’ एवढंच लिहिलेलं. मग निवडायला आधार कसला? बाहेरच्या लोकांनी दिलेले दुवेही चार पानांत वाटले जातात, आणि कुठलंच पान पुरेसं भक्कम होत नाही.

हे आपल्याकडे घडतंय का, हे ओळखायला गूगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन पुरेसं आहे. त्यातल्या कामगिरीच्या अहवालात ‘कांदा चाळ अनुदान’ हा एकच शोधशब्द गाळून घ्यायचा आणि मग Pages हा भाग उघडायचा. त्या शब्दाला आपली कोणती पानं दिसली, किती वेळा दिसली आणि किती जणांनी ती उघडली, हे तिथं समजतं. इथं घाई मात्र करू नये. दोन पानं दिसली म्हणजे बिघाड झाला असं नाही. दोन्ही वर असतील आणि दोन्हींवर लोक येत असतील तर त्यांना हात लावू नये. खरी खूण दोन गोष्टींत असते. एक म्हणजे, आलेख पानवार पाहिला तर एक पान वर जाताना दुसरं खाली येतं, आणि ही अदलाबदल चालू राहते. दुसरी, शोधणाऱ्याला हवं ते ज्या पानावर आहे त्याऐवजी भलतंच पान पुढे येतं. आपल्या उदाहरणात दोन्ही खुणा आहेत.

बरेच जण इथं लगेच शीर्षकं बदलायला बसतात. माझ्या मते त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. चारही लेख पूर्ण वाचायचे आणि प्रत्येकासमोर एक प्रश्न लिहायचा: हा लेख कुणाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो? तसं केलं की दिसतं, पहिला आणि तिसरा लेख एकच गोष्ट सांगतात: चाळ कशी बांधायची. दुसरा अनुदानाचा आहे. चौथ्याच्या शीर्षकात साठवणूक आहे, पण त्यातला खरा मजकूर चाळीतला कांदा का सडतो, का कोंब धरतो, याचा आहे.

पहिल्या आणि तिसऱ्याला कितीही वेगळी शीर्षकं दिली तरी ते वेगळे होणार नाहीत, कारण गूगल आतला मजकूरही वाचतो. इथं लेख एकत्र करणं हाच उपाय. तिसऱ्यातली नवी मापं आणि छायाचित्रं पहिल्यात घ्यायची आणि तिसऱ्याचा पत्ता पहिल्याकडे कायमचा वळवायचा. तांत्रिक भाषेत हा 301 रिडायरेक्ट. तिसरा लेख नुसता पुसून टाकला, तर त्याच्याकडे येणारे दुवे वाया जातात आणि वाचकाला रिकामं पान दिसतं.

उरले तीन लेख आणि तीन प्रश्न. आता शीर्षकं:

```
<title>कांदा चाळ बांधणी : मापे, दिशा आणि साहित्य</title>
<title>कांदा चाळ अनुदान : पात्रता, कागदपत्रे, अर्ज</title>
<title>साठवलेला कांदा का सडतो? सुकवणी आणि काळजी</title>
```

पहिल्या दोघांत ‘कांदा चाळ’ कायम आहे आणि ते योग्यच आहे. शब्द सामाईक असणं हा दोष नाही. त्याला लागून ‘बांधणी’ आणि ‘अनुदान’ आले की प्रश्न वेगळे झाले. हे वेगळेपण दाखवणारे शब्द सुरुवातीला असावेत, कारण मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब शीर्षक कापलं जातं आणि शेवटी ठेवलेलं ‘अनुदान’ वाचकाला दिसतच नाही. तिसऱ्यातून ‘कांदा चाळ’ मुद्दाम काढलं आहे. कांद्याला काळी बुरशी धरलेली पाहून घाबरलेला शेतकरी ‘कांदा चाळ’ शोधत नाही. तो ‘कांदा सडतो उपाय’ असं काहीतरी शोधतो. ‘संपूर्ण माहिती’ सगळीकडून गेली, कारण ते शब्द कुठल्याच लेखाविषयी काही सांगत नाहीत.

शीर्षक बदलून काम संपत नाही. निकालात दाखवायचं शीर्षक गूगल दर वेळी `<title>` मधूनच घेतो असं नाही; पानावरचं मोठं मथळ्याचं अक्षर किंवा दुव्यावरचा मजकूरही तो उचलतो. म्हणून मथळा आणि पहिला परिच्छेद नव्या शीर्षकाशी जुळले पाहिजेत. बांधणीच्या लेखातून अनुदानाच्या लेखाकडे दुवा देताना ‘इथे क्लिक करा’ असं न लिहिता ‘कांदा चाळ अनुदानासाठी अर्ज’ असं लिहावं. त्यातून वाचकाला वाट मिळते आणि गूगललाही कोणतं पान कशासाठी आहे ते कळतं. पानांचे जुने पत्ते मात्र बदलू नयेत; त्यांची तिथं काही गरज नसते.

परिणाम दिसायला काही आठवडे जातात, कारण गूगलने ती पानं पुन्हा वाचावी लागतात. परिणाम मोजताना एक चूक हमखास होते. रब्बीचा कांदा साधारण एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, तेव्हा हे शोध आपोआप वाढतात. मार्चमध्ये शीर्षकं बदलली आणि मेमध्ये वाचक वाढले, तर ते श्रेय हंगामाचंही असू शकतं. सर्च कन्सोल 16 महिन्यांची आकडेवारी ठेवतं, म्हणून या मेची तुलना गेल्या मेशी करावी. आणि एकूण वाचकांपेक्षा एकच गोष्ट पाहावी: ‘कांदा चाळ अनुदान’ या शोधाला आता अनुदानाचंच पान येतं का.

तुमच्या संकेतस्थळावर नवा लेख घेण्याआधी गूगलच्या चौकटीत `site:` लिहून त्याला लागून आपला पत्ता आणि मग विषयाचा शब्द टाकून पाहा. त्या प्रश्नावर जुना लेख सापडला, तर नवा लिहू नका. जुन्यातच भर घाला.