जपानी ‘हाइ’चा अर्थ प्रश्नात शोधावा लागतो

समजा, पुण्याहून पाठवलेले यंत्राचे सुटे भाग जपानमधल्या एका कारखान्यात पोहोचायचे आहेत. फोनवर बैठक चालू आहे. इकडचा व्यवस्थापक इंग्रजीत विचारतो, ‘भाग अजून आलेले नाहीत का?’ दुभाषी तोच प्रश्न जपानीत करते: ‘बुहिन वा मादा तोदोइते इनाइ न् देस् का?’ पलीकडून शांतपणे उत्तर येते, ‘हाइ.’ शब्दकोशात ‘हाइ’ म्हणजे हो. दुभाषीने घाईत ‘यस’ म्हटले, तर इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटेल की भाग आले. इतिवृत्तात ‘भाग पोहोचले’ अशी नोंद होईल, पैसे चुकते करायची तयारी सुरू होईल आणि तिकडे कारखाना भागांची वाट पाहत राहील. जपानी माणसाने सांगितले होते ते याच्या नेमके उलट: ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, भाग आलेले नाहीत.’

इथे खोटे कोणीच बोललेले नाही. दोन भाषा ‘हो’ आणि ‘नाही’ या शब्दांकडून वेगवेगळे काम करून घेतात, म्हणून हा घोटाळा होतो. इंग्रजीतले ‘यस’ पुढे येणाऱ्या वाक्याशी जुळते. घटना घडली असेल तर ‘यस’, घडली नसेल तर ‘नो’. प्रश्न कसाही विचारलेला असो. ‘तू गेला नाहीस?’ या प्रश्नाला न गेलेला माणूस प्रमाण इंग्रजीत ‘नो, आय डिडन्ट’ म्हणतो. जपानीतले ‘हाइ’ मात्र समोरच्याच्या बोलण्याशी जुळते. ‘इकानाकात्ता न् देस् का’, म्हणजे ‘तुम्ही गेला नाहीत का’, याला ‘हाइ, इकिमासेन् देशिता’ असे उत्तर येते: बरोबर, गेलो नाही. आणि गेला असेल तर तो म्हणेल, ‘इइए, इकिमाशिता’: तसे नाही, गेलो होतो. या ‘इइए’चे इंग्रजी ‘यस, आय डिड’ असेच करावे लागते. जपानी शाळांत इंग्रजी शिकवताना मुलांना हीच अदलाबदल समजावून सांगावी लागते, कारण त्यांच्या अंगवळणी पडलेले उत्तर इंग्रजीत उलटे पडते.

मराठी माणसाला यात वावगे काहीच वाटत नाही. ‘तू जेवला नाहीस का?’ असे विचारले की आपल्याकडे ‘हो, नाही जेवलो अजून’ असेही म्हणतात आणि ‘नाही, नाही जेवलो’ असेही म्हणतात. आपल्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, आणि त्यांतली पहिली जपानीशी जुळते. पुण्यात जपानी शिकून कंपन्यांसाठी जपानी-इंग्रजी दुभाषाचे काम करणारे बरेच जण आहेत. त्यांच्यापुढे धोका असतो तो इथेच. ‘हाइ, आलेले नाहीत’ हे त्यांच्या कानाला इतके सरळ वाटते की तोंडून ‘यस, दे हॅवन्ट कम’ निघून जाते. वाक्य पूर्ण झाले तर निदान ऐकणारा गोंधळून पुन्हा विचारतो. नुसते ‘यस’ निघाले, तर तो विचारतही नाही.

मग नियम करून टाकावा का, की नकारार्थी प्रश्नानंतरच्या ‘हाइ’चे इंग्रजी ‘नो’ आणि ‘इइए’चे ‘यस’? अनेक शिकणारे असा नियम वहीत लिहून ठेवतात. पण पहिल्याच आमंत्रणाला तो मोडतो. ‘इश्शो नि इकिमासेन् का?’ शब्दशः पाहिले तर ‘सोबत जात नाही का?’ याला ‘हाइ’ म्हणणारा माणूस येणार आहे, त्याचे इंग्रजी ‘यस’च. आपणही दारात आलेल्याला ‘चहा घेणार नाही का?’ म्हणतो, आणि पाहुणा ‘हो, घेतो की’ म्हणून बसतो. त्याने चहा नाकारला असे कोणी समजत नाही. तसेच ओळखीचा चेहरा दिसल्यावर. ‘आरे वा तानाका-सान् ज्या आरिमासेन् का?’, ते तानाका नाहीत का? इथे ‘हाइ’ म्हणजे हो, तेच तानाका. वाक्यात नकार आहे, पण विचारणाऱ्याला ते तानाकाच वाटताहेत.

म्हणजे नियम दोन नाहीत, एकच आहे; तो फक्त वाक्यात दिसत नाही. ‘हाइ’ म्हणजे ‘तुमच्या मनात आहे ते बरोबर’. सुसुमु कुनो या भाषाशास्त्रज्ञांनी १९७३ च्या ‘द स्ट्रक्चर ऑफ द जॅपनीज लँग्वेज’ या ग्रंथात या प्रश्नांचा विचार केला आहे. विचारणाऱ्याची अपेक्षा होकाराची असेल, तर नकारार्थी प्रश्नालाही होकारार्थी प्रश्नासारखेच उत्तर मिळते, ही त्यातली कळीची गोष्ट. आमंत्रण देणाऱ्याच्या मनात समोरच्याने यावे असे असते आणि नकार केवळ अदबीपुरता असतो. भागांबद्दल विचारणाऱ्याच्या मनात मात्र ते आलेले नसावेत अशी खरीच शंका असते. त्यामुळे उत्तराचे भाषांतर करण्याआधी प्रश्न नीट वाचावा लागतो.

तो वाचायला काही खुणा मदत करतात. क्रियापदाच्या नकारानंतर ‘न् देस् का’ आले, तर विचारणाऱ्याने काही पाहिलेले किंवा ऐकलेले असते आणि तो त्याचा खुलासा मागत असतो: ‘अच्छा, गेला नाहीत तर?’ इथे मन नकाराकडे झुकलेले असते. शेवटी ‘योने’ असेल तरी तसेच. ‘किमासेन् योने’ म्हणजे ‘येणार नाहीत ना’. ‘मादा’, म्हणजे अजून, हा शब्दही बहुतेक वेळा नकाराच्या बाजूने उभा असतो. याउलट नुसते ‘मासेन् का’ आले आणि पुढ्यात जेवण, सहल किंवा सिनेमा असेल, तर ते आमंत्रण. नामामागे ‘ज्या नाइ का’ लागले, तर बहुतेक वेळा विचारणाऱ्याला ती वस्तू किंवा व्यक्ती तीच आहे असे वाटत असते.

पण एक छोटा प्रश्न असा आहे की त्यात या खुणाही नसतात. ‘सामुकु नाइ?’ हा मित्रामित्रांत रोज ऐकू येणारा प्रश्न. त्याचा शब्दशः अर्थ ‘थंड नाही?’ साप्पोरोच्या फलाटावर डिसेंबरात एक मुलगी खांदे आखडून मैत्रिणीला हे विचारते, तेव्हा तिला म्हणायचे असते, ‘केवढी थंडी आहे ना!’ उत्तर येते, ‘उन्, सामुइ.’ हो, थंडी आहे. त्याच फलाटावर दुसरा एकजण पातळ सदऱ्यातल्या मित्राला मजेत उभा पाहून तेच शब्द विचारतो: ‘तुला थंडी वाजत नाही?’ उत्तर येते, ‘उन्, सामुकु नाइ.’ हो, नाही वाजत. प्रश्न अक्षरशः तोच, उत्तराची सुरुवातही तीच, अर्थ मात्र उलट. बोलताना आवाजाची चढउतार, चेहरा आणि थरथरणारे खांदे निवाडा करतात. कागदावर त्यातले काहीच उरत नाही. जपानी माणसेही अशा वेळी ‘उन्’वर थांबत नाहीत, विशेषण किंवा क्रियापद पुन्हा म्हणतात. शिवाय घरगुती बोलण्यातला होकार ‘उन्’ आणि नकार ‘उउन्’ यांत फरक फक्त लांबीचा आणि मधेच खाली जाऊन वर येणाऱ्या सुराचा. फोनच्या खरखरीत तोही हरवतो.

आणखी एक ‘हाइ’ आहे, जे उत्तरच नसते. जपानी श्रोता समोरचा बोलत असताना मधूनमधून ‘हाइ, हाइ’ म्हणत राहतो, जसे आपण ‘हं, हं’ म्हणतो. जपानीत त्याला ‘आइझुचि’ म्हणतात. ते ओळखण्याची एक खूण म्हणजे ते बहुतेकदा प्रश्न संपायच्या आधी, शेवटच्या ‘का’च्या अलीकडेच येते. त्याला संमती समजून भाषांतर केले, तर ठराव मान्य झाल्याची खोटी बातमी जाते.

म्हणून मुरलेला दुभाषी ‘हाइ’ ऐकून लगेच बोलत नाही, मागून येणाऱ्या क्रियापदाची वाट पाहतो. ‘हाइ, मादा देस्’, म्हणजे ‘हो, अजून नाही’, असे आले की इंग्रजीत तो ‘नो, नॉट येट’ म्हणतो. हो-नाहीची निवड घडलेल्या गोष्टीवरून करतो, जपानी शब्दावरून नाही. नुसतेच ‘हाइ’ आले आणि मागे शांतता असेल, तर तो अंदाज करत बसत नाही. ‘भाग आले आहेत का?’ असे सरळ विचारून घेतो. सरळ प्रश्नावर दोन्ही भाषांचे एकमत असते.

चित्रपटाच्या उपशीर्षकात वेगळीच अडचण येते. पडद्यावर नट मान डोलावून ‘हाइ’ म्हणतो आणि खाली ‘नो’ उमटते. अर्थ बरोबर असला तरी प्रेक्षक बिचकतो. अशा वेळी चांगला भाषांतरकार प्रश्नच बदलतो: ‘सो यू डिडन्ट गो?’ आणि उत्तराला ‘राइट’ लिहितो. डोलणारी मान, ऐकू येणारा होकार आणि वाचलेला शब्द तिन्ही जुळतात.

सर्वांत जड प्रसंग न्यायालयातला. इंग्रजीत चाललेल्या खटल्यात जपानी साक्षीदाराला वकील विचारतो, ‘यू डिडन्ट साइन धिस, डिड यू?’ त्याचे जपानी रूप होते, ‘तुम्ही यावर सही केलेली नाही ना?’ साक्षीदार म्हणतो, ‘हाइ.’ दुभाषाने ‘यस’ म्हटले, तर नोंदीत त्याने सही कबूल केल्यासारखे दिसते. ‘नो, आय डिड नॉट साइन’ म्हटले, तर साक्षीदाराने न उच्चारलेले वाक्य त्याच्या तोंडी घातले असा आक्षेप येऊ शकतो. ‘दॅट इज करेक्ट’ हे त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण ‘हाइ’ तेच करते. पण महिन्यांनी नोंद वाचणाऱ्याला नेमके काय ‘करेक्ट’, हे मागच्या प्रश्नात शोधावे लागते. सुरक्षित वाट एकच. उत्तर दोन प्रकारे समजू शकते, असे दुभाषाने न्यायाधीशांच्या लक्षात आणून द्यायचे आणि वकिलाने ‘तुम्ही यावर सही केली का?’ असे विचारायचे.

इंग्रजीही या बाबतीत वाटते तितकी काटेकोर नाही. ‘ही इज नॉट कमिंग?’ या प्रश्नाला इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही कधी नुसते ‘यस’, कधी नुसते ‘नो’ म्हणतात आणि दोन्हींतून तो येणार नाही असेच सुचवायचे असते. एकटा शब्द तिथेही डळमळतो. जर्मनने अशा वेळेसाठी ‘डॉख’ आणि फ्रेंचने ‘सी’ हा स्वतंत्र शब्द ठेवला आहे, ज्याचा अर्थ ‘तुम्ही नाही म्हणता, पण आहे’. जपानी आणि इंग्रजी या दोघींकडे असा वेगळा शब्द नाही. त्यामुळे जपानीतून इंग्रजीत आलेल्या कोणत्याही करारात, इतिवृत्तात किंवा जबानीत एकटे ‘यस’ दिसले, तर आधी त्याच्या वरचा प्रश्न वाचावा. तो नकारार्थी असेल, तर त्या ‘यस’वर विसंबून पुढचे पाऊल टाकू नये; काय घडले ते पूर्ण वाक्यात लिहून मागावे.